पोर्टेबल एक्स-रेवर तिन्ही नळ्या तपासताना आधी कॅरिना शोधा

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा पोर्टेबल चेस्ट एक्स-रे पहिल्यांदा पडद्यावर उघडला की पांढऱ्या रेषांचा नुसता गुंता दिसतो. ईटी ट्यूब, राइल्स ट्यूब, सेंट्रल लाईन, त्यावरून गेलेल्या ईसीजीच्या तारा, कधी गाऊनचं बटण, कधी उशीखाली राहिलेली सेफ्टी पिन. अशा वेळी नवीन सिस्टर एकेक टोक शोधायला लागतात आणि चुकीच्या रेषेमागे जातात. त्यापेक्षा आधी कॅरिना शोधा. श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात, ती ही जागा. ईटी ट्यूबचं टोक तिच्या वर थांबायला हवं, राइल्स ट्यूबने तिला मधोमध ओलांडून सरळ खाली जायला हवं आणि सेंट्रल लाईनचं टोक तिच्या आसपास किंवा थोडं खाली हवं. तिन्ही नळ्यांचं मोजमाप याच एका खुणेपासून होतं.

एक गोष्ट आधीच सांगते. नळी बरोबर आहे अशी अधिकृत नोंद डॉक्टरांनी करायची असते आणि बहुतेक युनिटच्या प्रोटोकॉलमध्ये तसं लिहिलेलंही असतं. पण फीडची बाटली आपण लावतो, नॉरअ‍ॅड्रेनालिनचा पंप आपण सुरू करतो, कूस आपण बदलतो. त्यामुळे एक्स-रे वाचता येणं हे आपल्याही कामाचं आहे. रिपोर्ट देणं आपलं काम नाही. शंका आली की हात थांबवायचा आणि नेमक्या शब्दांत कळवायचं, एवढंच.

एक्स-रे काढण्याआधीची पाच मिनिटं

रेडिओग्राफर मशीन ढकलत बेडशी येईपर्यंत आपली अर्धी तपासणी झालेली असते. ईटी ट्यूब ओठांशी किंवा दातांशी किती सेंटीमीटरवर आहे, राइल्स ट्यूब नाकपुडीशी किती खुणेवर आहे आणि सेंट्रल लाईन त्वचेशी किती आकड्यावर शिवली आहे, हे तिन्ही आकडे चार्टवर वेळेसह लिहा. हे आकडे नसतील तर चार तासांनी नळी हलली की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही.

मग छातीवरच्या ईसीजीच्या तारा खांद्यांकडे सरकवा. इलेक्ट्रोड काढायची गरज नसते, वायर फक्त मध्यरेषेतून बाजूला गेली की पुरे. व्हेंटिलेटरची सर्किट छातीवर आडवी पडली असेल तर उचलून बाजूला ठेवा. डोकं मध्यभागी ठेवा. हनुवटी छातीकडे झुकलेली नको आणि मान मागे ताणलेलीही नको. मानेचं दुखणं किंवा इजा असेल तर अर्थातच आहे त्या स्थितीत राहू द्या, पण मान कशी होती ते लिहून ठेवा. त्याचं कारण ईटी ट्यूबच्या भागात येईल.

राइल्स ट्यूब बघायची असेल तर रेडिओग्राफरला स्पष्ट सांगा, “दादा, पोटाचा वरचा भाग घ्या.” नेहमीच्या चेस्ट एक्स-रेमध्ये प्लेट वर सरकते, डायफ्रामच्या खालचा भाग कापला जातो आणि नेमकं नळीचं टोकच चित्राबाहेर राहतं. मग सगळं पुन्हा करावं लागतं.

बारीक फीडिंग ट्यूब घातली असेल तर आतली तार एक्स-रे होईपर्यंत काढू नका, तारेमुळे नळी ठळक दिसते. पण एकदा काढलेली तार, नळी पेशंटमध्ये असताना परत आत घालायची नाही. ती नळीच्या बाजूच्या छिद्रातून बाहेर येऊन अन्ननलिका किंवा पोट फाडू शकते.

एक्स-रे उघडला की नळ्यांकडे लगेच बघू नका

नाव, यूएचआयडी, तारीख आणि वेळ आधी बघा. वेळेला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. राइल्स ट्यूब अकरा वाजता घातली आणि एक्स-रे साडेदहाचा असेल, तर त्यात दिसणारी रेषा जुन्या नळीची आहे किंवा भलतीच काहीतरी आहे. दोन बेडचे एक्स-रे लागोपाठ काढले की नावांची अदलाबदलही होते.

नंतर उजवी-डावी खूण शोधा. पडद्याच्या डाव्या हाताला पेशंटची उजवी बाजू असते. खूण नसेल किंवा शंका असेल तर हृदयाचं टोक आणि पोटातला हवेचा बुडबुडा डावीकडे दिसतो का, ते पहा.

पेशंट वळलेला आहे का, हेही बघा. दोन्ही क्लॅव्हिकलची आतली टोकं मणक्याच्या मधल्या काट्यापासून सारख्या अंतरावर हवीत. पेशंट तिरका असेल तर श्वासनलिका मणक्याच्या एका बाजूला सरकल्यासारखी दिसते आणि सेंट्रल लाईनची बाजूही फसवते. अशा चित्रावर ठाम निष्कर्ष काढू नका.

शक्य असेल तर पॅक्सच्या मॉनिटरवरच बघा. उजेड-अंधार बदलता येतो, काळ्या-पांढऱ्याची उलटापालट करता येते, अंतर मोजता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला प्लेटचा फोटो बघून नळी बरोबर आहे असं कधीच म्हणू नका. फोटोत खिडकीचा उजेड पडतो, कडा कापल्या जातात आणि सेंटीमीटर मोजायला काही उरत नाही. व्ह्यू-बॉक्सवरची खरी प्लेट असेल तर ईटी ट्यूबच पट्टी म्हणून वापरता येते. साडेसात किंवा आठ नंबरच्या ट्यूबची बाहेरची रुंदी एक सेंटीमीटर किंवा किंचित जास्त असते, त्यावरून अंदाज बांधता येतो. पोर्टेबल एक्स-रेवर सगळंच थोडं मोठं दिसतं, म्हणून हा अंदाजच समजा.

कॅरिना कशी सापडते

मानेपासून सुरुवात करा. श्वासनलिका म्हणजे मणक्यावरून उतरणारा काळसर उभा पट्टा, कारण तिच्यात हवा असते. नजर त्या पट्ट्यावरून हळू खाली आणा. एका ठिकाणी तो उलट्या व्हीसारखा फुटतो. त्या दोन फाट्यांमधला कोपरा म्हणजे कॅरिना. निजलेल्या मोठ्या माणसाच्या एक्स-रेमध्ये ती साधारण पाचव्या ते सातव्या छातीच्या मणक्याच्या पातळीवर असते.

खूपदा ती थेट दिसत नाही, विशेषतः फुफ्फुसं पांढरी झाली असतील किंवा पेशंट जाड असेल तर. मग डाव्या मुख्य ब्रॉन्कसची खालची कड शोधा. डावा फाटा जास्त आडवा जातो, म्हणून हृदयाच्या सावलीवरूनही त्याची खालची कड बऱ्याचदा काळ्या रेघेसारखी दिसते. ती कड आत मध्यरेषेकडे वर नेली की कॅरिनाशी पोहोचता. तेही जमलं नाही तर एओर्टाच्या कमानीचा डावीकडचा फुगवटा घ्या आणि त्याच्या मध्यातून पंचेचाळीस अंशांत खाली-आत मध्यरेषेकडे कल्पनेने रेघ ओढा. ती मध्यरेषेला भेटते तिथेच आसपास कॅरिना असते. कालचा एक्स-रे असेल तर त्यावर ती कोणत्या मणक्यावर होती हे बघणं हाही एक सोपा मार्ग आहे.

कॅरिना सापडली की पॅक्सवर तिथे एक खूण करा. आता नळ्या. प्रत्येक नळी वरून, म्हणजे शरीरात शिरते तिथून टोकापर्यंत, बोट फिरवत एकटी शोधा. मधूनच सुरुवात केली की ईसीजीची वायर पकडली जाते.

ईटी ट्यूब

ट्यूबच्या भिंतीत एक बारीक पांढरी रेघ असते, तीच एक्स-रेवर उठून दिसते. तिचं खालचं टोक आणि कॅरिना यांच्यातलं अंतर मोजा. मान सरळ असताना मोठ्या माणसात ते ५ सेंटीमीटर आणि त्यात २ इकडे-तिकडे, म्हणजे ३ ते ७ सेंटीमीटर हवं. कॅरिना काही केल्या दिसत नसेल तर टोक दोन्ही क्लॅव्हिकलच्या आतल्या टोकांच्या पातळीवर किंवा थोडं खाली, छातीच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याजवळ असावं.

हा २ सेंटीमीटरचा फरक कशाला, तर मानेसाठी. हनुवटी खाली झुकली की ट्यूबचं टोक साधारण २ सेंटीमीटर खाली जातं, मान मागे गेली की तेवढंच वर येतं. नाक जिकडे तिकडे टोक, असं लक्षात ठेवा. मान कशी होती हे एक्स-रेवरही कळतं. खालच्या जबड्याची सावली मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यावर असेल तर मान सरळ, छातीच्या पहिल्या मणक्यावर किंवा खाली असेल तर झुकलेली, आणि मानेच्या चौथ्या मणक्याच्या वर असेल तर मागे ताणलेली. जबडा चित्रात दिसतच नसेल तर आपण बेडशी लिहिलेली नोंद कामी येते. मान न बघता नुसता आकडा सांगितला तर ट्यूब उगाच ओढली किंवा ढकलली जाते. खालच्या उदाहरणात ते दिसेल.

टोक कॅरिनाच्या खाली गेलं असेल तर ते बहुतेक वेळा उजव्या मुख्य ब्रॉन्कसमध्ये असतं, कारण तो रुंद आणि जास्त उभा आहे. मग डाव्या फुफ्फुसात हवा जात नाही आणि ते आकसून पांढरं होतं. ट्यूब खोल गेली असेल तर उजव्या वरच्या भागाचं तोंडही झाकलं जातं, कारण तो फाटा कॅरिनापासून फार लांब नसतो. पण सुरुवातीला दोन्ही फुफ्फुसं एक्स-रेवर ठीकही दिसू शकतात. त्यामुळे फुफ्फुसं काळी आहेत म्हणून टोक बघायचं सोडू नका.

ट्यूब फार वर असेल तर वेगळा धोका. कफ स्वरतंतूंच्या मध्ये येऊ शकतो, हवा गळते, घशातून गुरगुर ऐकू येते आणि पेशंट थोडा हलला तरी ट्यूब बाहेर येते. अशा वेळी कफमध्ये आणखी हवा भरत बसणं ही नेहमीची चूक. गळती तेवढ्यापुरती थांबते, पण टोक आहे तिथेच राहतं. कफचा दाब २० ते ३० सेंटीमीटर पाणी एवढा हवा. तेवढा असूनही गळती असेल तर ट्यूबची जागाच तपासायला सांगा. एक्स-रेवर कफचा फुगा श्वासनलिकेच्या भिंती बाहेर ढकलताना दिसला तरी कळवा.

ट्यूब श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत, हे एक्स-रे खात्रीने सांगू शकत नाही. समोरून काढलेल्या चित्रात दोन्ही एकमेकींवर पडतात. त्याचं उत्तर कॅप्नोग्राफच्या लाटेत असतं आणि ते एक्स-रेच्या आधी मिळालेलं असायला हवं. एक्स-रे फक्त खोली सांगतो.

राइल्स ट्यूब

इथे मी सावकाश जायला सांगेन, कारण फुफ्फुसात फीड गेलं तर पेशंट जाऊ शकतो आणि त्याआधी नळी ‘चेक’ केल्याची नोंद बहुधा झालेली असते. गुंगीतला पेशंट खोकत नाही. ईटी ट्यूबचा कफ फुगलेला असला तरी राइल्स ट्यूब त्याच्या बाजूने श्वासनलिकेत सरकू शकते. सॅच्युरेशन लगेच पडेलच असं नाही. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावायची जुनी पद्धत तर पूर्ण फसवी आहे. नळी उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी असली तरी तो बुडबुड आवाज पोटावर स्वच्छ ऐकू येतो. ब्रिटनमध्ये एनपीएसए या रुग्णसुरक्षेच्या सरकारी संस्थेने २००५ मध्येच या पद्धतीविरुद्ध सूचना काढली आणि २०११ मध्ये पुन्हा काढली. आपल्याकडे अजून ती हातात बसलेली आहे.

नळीतून ओढलेल्या पाण्याचा पीएच १ ते ५.५ आला तर ती पोटात आहे असं मानता येतं. पण आयसीयूतले बहुतेक पेशंट पॅन्टोप्राझोलवर असतात, आणि त्याने पीएच वाढतो. मग पाणी पोटातलंच असूनही आकडा वर येतो, किंवा पाणीच ओढून मिळत नाही. अशा वेळी एक्स-रेवरच यावं लागतं.

एक्स-रेवर चार प्रश्न याच क्रमाने विचारा.

नळी छातीत मध्यरेषेत सरळ उतरते का? अन्ननलिका जवळजवळ सरळ जाते. नळी ब्रॉन्कसचा आकार धरत तिरकी निघाली तर तिथेच थांबा.

ती कॅरिनाला मधोमध ओलांडते का? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. अन्ननलिका श्वासनलिकेच्या मागून जाते, म्हणून अन्ननलिकेतली नळी फाट्याच्या दोन्ही बाजूंना न वळता त्याच्या मधून खाली जाताना दिसते. ती कॅरिनाशी उजवीकडे किंवा डावीकडे वळली तर ती वायुमार्गात आहे, मग टोक कुठेही दिसो.

डायफ्राम मध्यरेषेजवळ ओलांडते का, आणि लगेच डावीकडे वळते का?

टोक डाव्या डायफ्रामच्या खाली स्पष्ट दिसतं का? आपल्याकडच्या राइल्स ट्यूबच्या टोकाशी धातूच्या छोट्या गोळ्या बंद केलेल्या असतात. एक्स-रेवर त्या ओळीने ठिपक्यांसारख्या दिसतात, त्यामुळे टोक शोधणं सोपं जातं. पण छिद्रं टोकाच्या वर, नळीच्या बाजूला असतात. टोक डायफ्रामच्या जेमतेम खाली असेल तर वरची छिद्रं अन्ननलिकेत राहतात, फीड वर येतं आणि घशातून फुफ्फुसात उतरतं. टोक पोटाच्या तोंडापासून साधारण १० सेंटीमीटर आत गेलेलं हवं.

चारही उत्तरं ‘हो’ असल्याशिवाय काही द्यायचं नाही. तीन ‘हो’ आणि एक ‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’. यात पाण्यातून दिलेल्या गोळ्या आणि ‘फक्त ५० मिली पाणी’ही आलं.

दोन फसवणुकी सांगते. पहिली, ‘टोक डायफ्रामच्या खाली आहे ना, मग झालं.’ फुफ्फुसाचा मागचा भाग डायफ्रामच्या घुमटाच्या मागून बराच खाली उतरतो. त्यामुळे खालच्या ब्रॉन्कसमध्ये गेलेल्या नळीचं टोक समोरच्या चित्रात घुमटाखाली दिसू शकतं. म्हणूनच वाट आधी बघायची, टोक नंतर. दुसरी, नळीची घसा किंवा अन्ननलिकेतली गुंडाळी. नाकपुडीशी आकडा ६० असतो, पण नळी घशात वळसा घेऊन परत वर आलेली असते. एक्स-रेमध्ये मान कापली गेली असेल तर तोंड उघडून टॉर्चने घसा बघा. हायटस हर्निया किंवा अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेल्या पेशंटमध्ये नळीची वाट वेगळी असते, तिथे हे नियम न लावता सर्जनला विचारा.

सेंट्रल लाईन

टोक एसव्हीसीच्या खालच्या भागात, उजव्या कर्णिकेच्या तोंडाशी हवं. कॅरिनापासून साधारण दोन मणके खाली हे तोंड येतं, त्यामुळे कॅरिनाची पातळी ते तिच्या खाली दोन मणके, असा पट्टा डोळ्यांसमोर ठेवा. उजव्या गळ्यातून घातलेली लाईन मणक्याच्या उजव्या कडेने सरळ खाली उतरते.

डावीकडून घातलेली लाईन मात्र आडवी येऊन मग खाली वळते. ती आखूड पडली तर टोक एसव्हीसीच्या उजव्या भिंतीला काटकोनात टेकून राहतं आणि काही दिवसांत भिंत झिजवू शकतं. डाव्या लाईनचं टोक भिंतीला समांतर, खाली तोंड करून आहे का, हे बघा. टोक फार खाली कर्णिकेत असेल तर हृदयाचे ठोके चुकतात आणि क्वचित भिंत फुटून हृदयाभोवती रक्त साठतं. डायलिसिसच्या काही कॅथेटरची टोकं मुद्दाम कर्णिकेत ठेवतात, ती पाहून घाबरू नका.

वाट चुकण्याच्या नेहमीच्या तऱ्हा लवकर ओळखू येतात. सबक्लेव्हियनची लाईन खाली न येता गळ्यात वर चढते. गळ्यातली लाईन हाताकडे वळते. उजवीकडून घातलेली लाईन मध्यरेषा ओलांडून एओर्टाच्या कमानीकडे जात असेल तर ती धमनीत असण्याची शंका घ्या. पण लाईन सरळ दिसते म्हणून ती शिरेतच आहे, असं एक्स-रे सांगत नाही. त्यासाठी प्रेशरची लाट किंवा लाईनमधल्या रक्ताचा गॅस बघतात.

लाईन बघून झाल्यावर त्याच बाजूचं फुफ्फुस बघा. पाठीवर निजलेल्या पेशंटमध्ये न्यूमोथोरॅक्सची हवा वरच्या टोकाशी न जमता पुढे आणि तळाशी जमते. त्या बाजूचा डायफ्राम आणि बरगड्यांमधला कोपरा नेहमीपेक्षा खोल आणि काळा दिसला तर लगेच कळवा. आणि एक लांब, बारीक, अतिशय पांढरी रेघ लाईनच्या टोकापुढे हृदयात किंवा त्याखाली जाताना दिसली तर ती राहून गेलेली गाईडवायर आहे का, हे विचारायला लाजू नका.

एक पूर्ण उदाहरण

समजा, तालुक्याच्या रुग्णालयातून रात्री ५८ वर्षांचा पुरुष आला आहे. न्यूमोनिया, बीपी कमी, ईटी ट्यूब आठ नंबरची, ओठांशी २४. आपल्याकडे उजव्या आयजेची सेंट्रल लाईन घातली, राइल्स ट्यूब घातली, नाकपुडीशी ५५. हवा सोडून पोटावर आवाज ऐकला आणि चार्टवर ‘पोझिशन चेक्ड’ असं लिहिलं गेलं आहे. एक्स-रे एक वाजून चाळीस मिनिटांनी झाला. नाव आणि वेळ बरोबर, पेशंट वळलेला नाही.

कॅरिना सहाव्या मणक्यावर सापडली. ईटी ट्यूबचं टोक तिच्या २ सेंटीमीटर वर. पहिली प्रतिक्रिया ‘खोल आहे, ३ सेंटीमीटर ओढा’ अशी येते. पण जबड्याची सावली छातीच्या पहिल्या मणक्यावर आहे, म्हणजे उशीमुळे हनुवटी झुकलेली आहे आणि टोक त्याच्या सगळ्यात खालच्या जागी आहे. मान सरळ केली की हेच अंतर साधारण ४ होईल, म्हणजे ठीक. ३ सेंटीमीटर ओढलं असतं तर मान सरळ असताना ते ७ झालं असतं, आणि कूस बदलताना मान मागे गेली असती तर ९. तेव्हा ट्यूब बाहेर यायला एक खोकला पुरे. म्हणून उशी पातळ करायची, मान सरळ ठेवायची, दोन्ही बाजूंचे श्वास ऐकायचे आणि डॉक्टरांना अंतर आणि मानेची स्थिती दोन्ही सांगायची.

राइल्स ट्यूब घशातून उतरली, श्वासनलिकेत ईटी ट्यूबच्या शेजारी चालली आणि कॅरिनाशी उजवीकडे वळली. पुढे ती खाली गेली आणि धातूच्या ठिपक्यांची ओळ उजव्या डायफ्रामच्या घुमटाच्या थोडी खाली दिसते. टोक ‘डायफ्रामच्या खाली’ आहे, आवाजही आला होता, तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आहे. इथे आकडाही बोलतो. नाकपुडीपासून कॅरिनापर्यंत साधारण ३० सेंटीमीटर जातात. उरलेले २५ सेंटीमीटर उजव्या फुफ्फुसाच्या फांद्यांमध्ये नीट मावत नाहीत. म्हणजे नळी कुठेतरी कडेपर्यंत गेली आहे, कदाचित फुफ्फुस भेदून प्ल्यूरात.

लाईन उजव्या कडेने सरळ, टोक कॅरिनाच्या खाली एक मणका. जागा बरोबर. त्या बाजूला न्यूमोथोरॅक्स दिसत नाही.

आता कृती. राइल्स ट्यूबला टोपण लावा, तिच्यावर ‘फीड नको, औषध नको’ अशी पट्टी चिकटवा. ती घाईने उपसू नका. नळीने फुफ्फुसाला भोक पाडलं असेल तर सध्या तीच ते बुजवून बसलेली असू शकते, आणि व्हेंटिलेटरच्या दाबाखाली न्यूमोथोरॅक्स काही मिनिटांत मोठा होतो. डॉक्टर बेडशी आले, आयसीडीचा ट्रे जवळ आला, मग नळी काढायची. काढल्यावर सॅच्युरेशन, एअरवे प्रेशर आणि बीपी यांवर डोळा ठेवा आणि पुन्हा एक्स-रे मागवा. नवी नळी घातली की चारही प्रश्न पहिल्यापासून. तोवर तोंडाने द्यायच्या गोळ्यांचं काय करायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. सकाळच्या पाळीतल्या सिस्टरला ही गोष्ट तोंडी सांगून पुरत नाही.

फोनवर काय सांगायचं

‘एक्स-रे बघून घ्या ना सर’ असं सांगितलं तर आरएमओ पाचव्या फोननंतर बघतात. असं सांगा: “बेड सात, एक चाळीसचा एक्स-रे. राइल्स ट्यूब कॅरिनाशी उजवीकडे वळते आहे, फीड सुरू केलेलं नाही, नळी बंद करून ठेवली आहे. ईटीचं टोक कॅरिनाच्या दोन सेंटीमीटर वर, पण मान झुकलेली होती, आता सरळ केली आहे. सेंट्रल लाईनचं टोक कॅरिनाखाली एक मणका. तुम्ही बघून लिहाल का?” समोरून ‘ठीक आहे, सुरू करा’ असं तोंडी उत्तर आलं आणि एक्स-रे अजून बघितलेला नसेल, तर नोंद होईपर्यंत थांबा आणि सीनिअरला फोन करा.

चार्टवर ईटीचं कॅरिनापासूनचं अंतर, ओठांशी आकडा आणि मान, राइल्सचा नाकपुडीशी आकडा आणि कुणी एक्स-रे बघून खात्री केली त्यांचं नाव, लाईनचा त्वचेशी आकडा, एवढं लिहा. एक्स-रे त्या एका क्षणापुरताच खरा असतो. उलटी, जोराचा खोकला, टेप बदलणं, कूस बदलणं, सीटीला नेऊन आणणं, यांतलं काहीही झालं की हे आकडे पुन्हा जुळवून बघा. राइल्स ट्यूबची खूण ५५ वरून ५० वर आली असेल, तर ती परत आत ढकलून टेप लावू नका. फीड थांबवा आणि तिला नवी नळी समजूनच पुन्हा तपासा.